उताऱ्यात लिहिलेलं आणि आपल्याला माहीत असलेलं : या प्रश्नाचं उत्तर 4 कसं?

अभ्यासिका_खिडकी (लातूर)
राज्यसेवा पूर्वच्या दुसऱ्या पेपरची तयारी करायलोय. गणित-बुद्धिमत्ता जमते, उताऱ्यांत मार खातोय. त्यातही "कोणता निष्कर्ष काढता येईल" असा प्रश्न आला की दोन पर्यायांवर येऊन अडकतो. एका सराव चाचणीतला हा उतारा बघा:

"तालुक्यात दहा वर्षांपूर्वी बोअरला साधारण दोनशे फुटांवर पाणी लागत असे; आता पाचशे फुटांच्या आत ते लागत नाही. याच काळात बोअरची संख्या दुपटीहून अधिक झाली. ज्या गावांत नाला खोलीकरण झाले, तेथील काही विहिरींना यंदा मार्चअखेरपर्यंत पाणी टिकले. पूर्वी या विहिरी डिसेंबरातच कोरड्या पडत. मात्र याच गावांत यंदा उसाची लागवडही वाढली आहे आणि हे पाणी पुढच्या वर्षी इतके टिकेलच असे नाही, असे कृषी सहायक सांगतात."

उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष काढता येईल?
1) नाला खोलीकरणामुळे विहिरींचे पाणी मार्चपर्यंत टिकले.
2) बोअरची संख्या वाढल्यामुळे पाणी खोल गेले.
3) उसाची लागवड बंद केल्यास तालुक्यातील टंचाई दूर होईल.
4) यंदा विहिरींना टिकलेले पाणी हा कायमचा बदल मानायला कृषी सहायक तयार नाहीत.

मी 2 लिहिलं, उत्तरतालिकेत 4 आहे. बोअर वाढले म्हणून पाणी खाली गेलं, हे मराठवाड्यात शाळेतलं पोरगंही सांगेल. मग 2 कामून चूक? क्लासमध्ये विचारलं तर "उताऱ्यावरून स्पष्ट आहे" म्हणाले. स्पष्ट असतं तर विचारलं असतं का?

मन्याडकाठ (नांदेड)
2च बरोबर. तालिका चुकलीय. हरकत घ्या.

दुधना_परभणी
हरकत-बिरकत काही नको. सोपी युक्ती आहे. टोकाचं बोलणारा पर्याय आधी कापायचा. सर्व, केवळ, नेहमीच, कधीही, दूर होईल, असं दिसलं की फुली. राहिलेल्यांत जो सगळ्यात मऊ बोलतो तो घ्यायचा. 4 मऊ आहे, म्हणून 4. मी असंच करतो आणि उताऱ्यांत बऱ्यापैकी सुटतो. दुसरं म्हणजे बाहेरचं काहीही डोक्यात आणायचं नाही. आपण चंद्रावर राहतो असं समजून उतारा वाचायचा.

अभ्यासिका_खिडकी
दादा, पण 2 मध्ये टोकाचा शब्द कुठाय? तुमच्या युक्तीनं फक्त 3 कटतो. आणि चंद्रावर उसाला पाणी किती लागतं हे मला कसं कळावं?

तेरणाकाठ (धाराशिव)
हे प्रश्न मी बरीच वर्षं शिकवतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

2 साठी उताऱ्यातली कोणती वाक्यं वापरलीत त्यावर बोट ठेवा. पहिलं वाक्य, पाणी खोल गेलं. दुसरं वाक्य, बोअर दुपटीहून वाढले. दोघांना जोडणारे शब्द "याच काळात". बस. "म्हणून" नाही, "त्यामुळे" नाही, "परिणामी" नाही. लेखकानं दोन घटना शेजारी ठेवल्या. त्यांना "त्यामुळे"नं बांधलं ते तुम्ही. बांधायला दोरी कुठून आणली? स्वतःच्या गावातून.

आता उलटतपासणी करा. उताऱ्यातलं प्रत्येक वाक्य खरं धरून 2 खोटं ठरेल अशी परिस्थिती रचता येते का? येते. समजा, या दहा वर्षांत पाऊस कमी झाला आणि पाणी त्यामुळे खाली गेलं. उताऱ्यातलं एकही वाक्य मोडत नाही आणि 2 मात्र पडतं. अशी एक जरी परिस्थिती उभी राहिली, तरी तो निष्कर्ष उताऱ्याचा नाही.

हेच 4 वर करा. कृषी सहायक "पुढच्या वर्षी इतके टिकेलच असे नाही" म्हणतात, आणि तरीही हा बदल कायमचा मानायला तयार आहेत. जमतं? दोन्ही एकदम खरं होऊ शकत नाही. म्हणून 4 उभं राहतं. ते मऊ आहे म्हणून नाही.

त्यात अजून एक बघा. 4 मध्ये "बदल कायमचा नाही" असं म्हटलेलं नाही. "कृषी सहायक मानायला तयार नाहीत" असं म्हटलंय. मत ज्याचं, त्याच्याच नावावर ठेवलंय. "यंदाचे पाणी पुढच्या वर्षी टिकणार नाही" असा पर्याय असता तर तोही चुकला असता. पोरं इथं फार फसतात. उताऱ्यातला एक माणूस काही म्हणाला की ते उताऱ्यानंच सांगितलं असं धरून चालतात.

सोयाबीनवाला (बीड)
मी परीक्षा देत नाही, पोरगा देतो. पण तेरणाकाठ सरांनी पावसाचं सांगितलं, त्यापेक्षा जवळचं सांगतो. आमच्याकडं पहिला बोअर आटला म्हणून दुसरा घेतला. तो चार वर्षांत गेला, मग तिसरा, जास्त खोल. पहिले दोन अजून रानात केसिंगवर दगड ठेवून तसेच उभे आहेत. कुणी मोजायला आलं तर आमच्या नावावर तीन बोअर लागतील, पाणी एकालाच. म्हणजे पाणी खाली गेलं म्हणून बोअर वाढले. तुमचा पर्याय उलटा फिरला की नाही?

तेरणाकाठ
काका, वर्गात सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. दोन गोष्टी बरोबर वाढल्या तर पहिलीमुळे दुसरी, दुसरीमुळे पहिली, की दोन्ही तिसऱ्याच कशामुळे, हे नुसतं शेजारी ठेवून कळत नाही. उताऱ्यानं त्यावर तोंड उघडलं नसेल तर आपणही उघडायचं नाही.

मन्याडकाठ
पण काका, दोन्ही होतंच ना? उपसा वाढला तर पाणी खाली जाणारच. 2009 च्या भूजल कायद्यात साठ मीटरच्या खालच्या विहिरींवर बंधनं आणायची तरतूद केली, ती हौस म्हणून का? साठ मीटर म्हणजे दोनशे फूटच झाले. जे जगात खरं आहे ते उताऱ्यात खोटं कसं होईल?

तेरणाकाठ
खोटं कुणीच म्हणालं नाही. 2 जगात खरं असू शकतं, बऱ्याच ठिकाणी असेलही. प्रश्न "खरं काय" असा नाही, "या सहा ओळींवरून काय निघतं" असा आहे. प्रश्न काढणारे असा पर्याय मुद्दाम ठेवतात, कारण जो विषय उमेदवाराला घरचा वाटतो तिथंच तो उतारा सोडून घरचं सांगायला लागतो. माझ्याकडच्या पोरांना नॉर्वेतल्या मासेमारीवरच्या उताऱ्यात जास्त गुण पडतात आणि दुष्काळावरच्या उताऱ्यात कमी. हसू नका, खरंय.

दुधना_परभणी
नॉर्वे 😄 म्हणजे मी चंद्र म्हणालो ते बरोबरच होतं.

निवृत्त_तलाठी (जालना)
धागा आवडला. आमच्या खात्यात हे पंचनाम्यात शिकायला मिळतं. गारपिटीनंतर शेतात गेलो की शेतकरी सांगणार, "साहेब, गारांनी मोसंबीची झाडं मोडली." पंचनाम्यात लिहायचं ते असं: अमुक गटात इतकी झाडं मोडलेल्या स्थितीत आढळली, खाली फळांचा सडा, फळांवर मार लागल्याच्या खुणा, शेतकऱ्याच्या सांगण्यानुसार अमुक दिवशी गारपीट झाली. आढळलं काय आणि सांगितलं कुणी, दोन्ही वेगळं. मी नवीन असताना थेट "गारपिटीमुळे मोडली" लिहून मोकळं व्हायची सवय असलेले सहकारी पाहिलेत. पुढं कुणी विचारलं, तुम्ही पडताना पाहिलं का, की बोलती बंद.

तुमच्या प्रश्नात 4 हा पर्याय पंचनाम्याच्या भाषेत लिहिलाय. 2 हा चावडीवरच्या भाषेत.

अंबाजोगाईची_आई
माझी मुलगी दहावीला आहे. मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली आधी आकलनाच्या कृती असतात आणि शेवटी स्वमत. ती आकलनातही स्वतःचं मत घुसवते आणि बाई गुण कापतात. स्वमतात मात्र उतारा उतरवून ठेवते. तिला काय सांगू? आणि स्वमत किती ओळींचं लिहायचं?

दुधना_परभणी
ताई, हा धागा एमपीएससीचा आहे.

तेरणाकाठ
असू द्या, ताईंचा प्रश्न इथलाच आहे. दहावीपर्यंत पोरांना उतारा आणि मत एकाच पानावर लिहायची सवय लागते, पुढं पर्यायांच्या परीक्षेत स्वमताची जागाच नसते, तरी हात तिकडं जातो. ताई, मुलीला एवढंच करायला लावा: आकलनाचं उत्तर लिहिलं की ते ज्या ओळीतून आलं त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारायची. रेघ मारायला ओळच सापडली नाही तर ते उत्तर स्वमतात टाकायचं. किती ओळी ते बाईंनाच विचारा.

आता दुधना यांच्या दोन्ही गोष्टींवर. टोकाचे शब्द कापायची युक्ती अर्धी चालते. उताऱ्यातच लिहिलं असेल की "तालुक्यातील एकाही गावात नळयोजना पूर्ण झालेली नाही", तर "अमुक गावात नळयोजना अपूर्ण आहे" आणि "सर्व गावांत अपूर्ण आहे" हे दोन्ही पक्के निघतात. तिथं "सर्व" बघून फुली मारलीत तर गुण गेले. पर्यायाचं टोक उताऱ्याच्या टोकाशी जुळतं का, एवढंच बघायचं. पर्याय काढणाऱ्यालाही ही युक्ती माहीत असते, म्हणून हल्ली चुकीचे पर्यायही "कदाचित", "काही अंशी" लावून मऊ करून ठेवतात.

आणि बाहेरचं काहीच आणायचं नाही हे तर अशक्य आहे. डिसेंबरनंतर मार्च येतो, हे उताऱ्यात लिहिलेलं नाही. ते माहीत नसेल तर पाणी जास्त टिकलं की कमी, हेच कळणार नाही. उसाला पाणी लागतं, हेही लिहिलेलं नाही. ते माहीत नसेल तर "मात्र" तिथं कशाला आलंय ते समजणार नाही. वाक्य समजायला लागणारं ज्ञान आणायचंच. वाक्यात नसलेला नवा दावा उभा करायला ज्ञान आणलं की गडबड. 3 बघा. उसाला पाणी लागतं, इथपर्यंत ठीक. तिथून "ऊस बंद केला की टंचाई दूर" इथपर्यंत उडी मारलीत, ती तुमची.

मन्याडकाठ
ही रेघ मारणार कोण? मला वाटतं उपसा आणि पातळीचा संबंध हेही "वाक्य समजायला लागणारं ज्ञान"च आहे. तुम्ही म्हणता नवा दावा.

तेरणाकाठ
रेघ नेहमी स्वच्छ नसते, हे मान्य. माझी कसोटी अशी: ते ज्ञान काढून घेतलं तर उताऱ्यातलं एखादं वाक्य अडतं का? ऊस-पाणी काढा, "मात्र" लटकतं. उपसा-पातळी काढा, "याच काळात" व्यवस्थित वाचता येतं.

खडक_आणि_काळी (हिंगोली)
एकंदरीत, नाला खोलीकरण चांगलं की वाईट ते सांगा. आमच्या गावात पोकलेन आलंय.

निवृत्त_तलाठी
उताऱ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही 😄

गणिताचे_सर (लातूर)
सरावाला एक छोटा उतारा टाकतो, यातली माहिती खरी आहे: "2016 च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणण्यात आले. पहिल्या गाडीला दहा टँकर वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होते."

यावरून काय निघतं?
क) पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले.
ख) त्या काळात लातूरच्या नळांना पाणी येत नव्हते.
ग) मिरजेत त्या वेळी पाणी मुबलक होते.

अभ्यासिका_खिडकी
सर, मी लातूरचाच. ख डोळे मिटून बरोबर. तेव्हा मी शाळेत होतो. नळाला पाणी नव्हतंच, टँकरपाशी रात्री घागरींच्या रांगा, आणि पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होतात म्हणून 144 कलम लावलं होतं. आईनं मला रांगेत उभं केलं होतं, घागरीवर खडूनं नाव लिहून.

क तर उताऱ्यात लिहिलेलंच नाही.

गणिताचे_सर
क लिहिलेलं नाही, पण दहा गुणिले पन्नास हजार कुणीही करा, पाच लाखच येणार. "सुमारे" दोन्हीकडे आहे. उताऱ्यात शब्दशः नसलेलं पण त्यातून सुटकाच नाही असं हे उत्तर. खडूनं नाव लिहिलेली घागर मला पटते, मीही त्याच शहरात होतो. पण ती घागर उताऱ्यात कुठाय? अहमदपूरच्या पुढचा, लातूर कधी न पाहिलेला माणूस या दोन ओळी वाचून नळ आठवड्यातून एकदा येत होता की महिन्यातून की येतच नव्हता, हे सांगू शकेल का?

दुधना_परभणी
आणि ग? पाणी दिलं म्हणजे त्यांच्याकडं होतं. होतं म्हणजे मुबलक.

तेरणाकाठ
"होतं" निघतं, "मुबलक" निघत नाही. स्वतःची गरज कापूनही कुणी देऊ शकतं. "गाडी भरण्याइतके पाणी मिरजेत उपलब्ध होते" असा पर्याय असता तर मी डोळे झाकून घेतला असता.

मन्याडकाठ
हा मात्र पटला.

अभ्यासिका_खिडकी
मूळ प्रश्नाकडं येतो. 2 का नाही ते कळलं, 4 ही कळलं. पण 1 वर कुणीच बोलेना. तिथं नुसतं "याच काळात" नाहीये. ज्या गावांत खोलीकरण झालं तिथल्याच विहिरी, पूर्वी डिसेंबरात कोरड्या, आता मार्चपर्यंत पाणी. आधी आणि नंतर दोन्ही दिलंय, जागाही तीच. लेखकाला हेच सुचवायचं नसेल तर ही दोन वाक्यं लागून कशाला लिहिली? मला तर 1 हे 2 पेक्षा कितीतरी जवळचं वाटतं.

तेरणाकाठ
वाटणारच, कारण ते आहेच जवळचं. तरी उलटतपासणीत पडतं. यंदा पाऊसच दाबून पडला असेल तर खोलीकरण न झालेल्या गावांतल्या विहिरींनाही मार्चपर्यंत पाणी टिकलं असेल. त्या गावांबद्दल उतारा गप्प आहे. शिवाय "काही विहिरींना" म्हटलंय. उरलेल्यांना का नाही टिकलं? तुलना करायला दुसरी बाजूच दिलेली नाही. "खोलीकरण न झालेल्या शेजारच्या गावांत विहिरी यंदाही डिसेंबरातच आटल्या" एवढं एक वाक्य असतं तर 1 ची बाजू बरीच भक्कम झाली असती.

पण तुम्ही "सुचवायचं" हा शब्द वापरलात ते महत्त्वाचं. प्रश्नाची शेपटी बदलली की उत्तर बदलू शकतं. "कोणता निष्कर्ष काढता येईल" म्हटलं की अपरिहार्य काय ते शोधायचं. "लेखकाचा रोख काय आहे" असं विचारलं असतं तर वाक्यांचा क्रम, "मात्र", "पूर्वी" हे सगळं पुरावा म्हणून चाललं असतं, आणि खोलीकरणाचा उपयोग झाला असं लेखकाला वाटतं, इथपर्यंत मीही गेलो असतो. आणि "लेखकाने काय गृहीत धरले आहे" म्हटलं तर तिसरंच काम. तिथं लेखकानं न सांगता धरून चाललेली गोष्ट शोधायची, ती काढली की त्याचं म्हणणं कोसळलं पाहिजे. या उताऱ्यात उसाला पाणी जास्त लागतं, हे तसं गृहीत आहे. पोरं तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर शोधतात.

दुधना_परभणी
इथं मी सरांशी सहमत नाही. मी आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतो, त्यात "निष्कर्ष" म्हणून विचारलेल्या प्रश्नांना सरांच्या कसोटीनं न टिकणारी उत्तरं तालिकेत दिलेली सापडतात. "सगळ्यात जास्त पटणारा" पर्याय, एवढंच असतं तिथं. 4 नसता आणि "वरीलपैकी नाही" पण नसतं, तर तुम्ही काय केलं असतं? 1च लिहिलं असतं.

तेरणाकाठ
लिहिलं असतं. चारांतला कमीत कमी उडी मारावी लागणारा पर्याय म्हणून 1. तुमचं खरंय, प्रत्येक प्रश्न वकिली कसोटीनं काढलेला नसतो, आणि काही तालिका मलाही पटत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी उलटतपासणी, एकापेक्षा जास्त टिकले किंवा एकही टिकला नाही तर कमीत कमी उडीचा.

सोयाबीनवाला
पोराला वाचून दाखवलं. तो म्हणतो, परीक्षेत प्रत्येक पर्यायाची उलटतपासणी करायला वेळ कुठून आणायचा? दोन तासांत ऐंशी प्रश्न.

तेरणाकाठ
चारही पर्यायांवर करायची नाही. बहुतेक वेळा दोन तर वाचताच जातात. उरलेल्या दोघांवरच करायची, आणि त्यातही ज्याच्याकडं मन आधी धावतंय त्यावर पहिल्यांदा. चुकलं तर त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा जातो आणि पेपर तेहतीस टक्क्यांचा पात्रतेपुरता आहे. म्हणून घोळ फारच असेल तर सोडून पुढं जायलाही हरकत नाही.

मन्याडकाठ
सोडून पुढं जाणं आमच्या रक्तात नाही सर.

अभ्यासिका_खिडकी
उद्या अभ्यासिकेत हाच उतारा चौघांना देऊन बघतो, पण आधी न सांगता. एक नॉर्वेवरचा पण द्या ना सर, मासेमारीवाला.

तेरणाकाठ
तो वहीत आहे, संध्याकाळी टाइप करून टाकतो. पर्यायांचा क्रम बदलून देईन, दुधना यांनी मऊ बघून लिहू नये म्हणून.

दुधना_परभणी
बघूच.